पातळ वर्तुळाकार रिंग व्यासावर दाबली तर किती दबते? स्ट्रेन एनर्जीच्या पद्धतीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात प्रश्न काय आहे, आणि उत्तर काय येतं?

एक पातळ गोल रिंग आहे. तिच्या एकाच व्यासाच्या दोन टोकांवर समोरासमोर P इतकं बल आतल्या दिशेने लावलंय. बलाच्या रेषेतला व्यास घटतो, त्याला काटकोनातला व्यास वाढतो. किती घटतो आणि किती वाढतो, एवढाच प्रश्न. उत्तर असं:

```
δv = (π/4 − 2/π) · P R³ / (E I) = 0.149 P R³ / (E I)
δh = (2/π − 1/2) · P R³ / (E I) = 0.137 P R³ / (E I)
```

R म्हणजे रिंगच्या जाडीच्या मध्यरेषेची त्रिज्या, E स्थितिस्थापकता गुणांक आणि I म्हणजे छेदाचा जडत्व आघूर्ण, म्हणजे वर्गात आपण ज्याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतो तो. सूत्र पाठ असणारे पुष्कळ भेटतात. पण ०.१४९ हा आकडा इतका लहान का, हे विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. खालच्या उत्तरांचा रोख त्याच मुद्द्यावर आहे.

पूर्ण रिंग न घेता चतुर्थांशच का घेतात? आणि कापलेल्या जागी काय काय उरतं?

भार उभ्या व्यासावर आहे असं धरू. मग रिंग उभ्या आणि आडव्या, दोन्ही अक्षांभोवती सममित आहे. चारही पाव भाग सारखेच वागतात, म्हणून एका पावाची ऊर्जा काढून चारने गुणलं की काम झालं.

आता रिंग आडव्या व्यासावर, म्हणजे डाव्या आणि उजव्या टोकाला कापा. कोणत्याही छेदावर तीन गोष्टी असू शकतात: अक्षीय बल, शिअर आणि बेंडिंग मोमेंट. वरच्या अर्ध्या रिंगेवर खाली P आहे, म्हणून दोन्ही छेदांवर मिळून वर P हवं. सममितीमुळे प्रत्येकी P/2. हे झालं अक्षीय बल. शिअर इथे आडवा असेल. वरचा अर्धा खालच्याला बाहेर ढकलत असेल, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने खालचा वरच्याला आत ढकलेल. पण दोन्ही अर्धे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत, त्यामुळे दोघांवर सारखंच घडायला हवं. दोन्ही एकदम खरं व्हायचं तर शिअर शून्यच.

राहिला मोमेंट. त्याला M0 म्हणू. समतोलाची समीकरणं त्याच्याबद्दल काहीच सांगत नाहीत, कारण डावीकडचा आणि उजवीकडचा M0 एकमेकांना खोडतात. रिंग स्टॅटिकली इनडिटरमिनेट आहे ती या एकाच अज्ञातामुळे.

M0 कसा काढायचा?

आडव्या त्रिज्येपासून θ कोन मोजायचा. बाजूच्या छेदावर θ = 0, भाराखाली θ = 90°. रिंगची वक्रता वाढवणारा मोमेंट धन मानू. बाजूच्या छेदावरच्या P/2 ची θ जवळच्या छेदापासूनची भुजा R(1 − cos θ) आहे, आणि हे बल रिंग सपाट करू पाहतं. म्हणून:

```
M(θ) = M0 − (P R / 2)(1 − cos θ)
```

आता M0 साठी एक भौमितिक अट लागते. रिंग दबली तरी बाजूचा छेद फिरत नाही. तो आधी आडवा होता, नंतरही आडवाच राहतो, फक्त थोडा बाहेर सरकतो. मोमेंटच्या जोडीचं विस्थापन म्हणजे फिरणं, आणि कास्टिग्लियानोच्या प्रमेयाप्रमाणे ते फिरणं म्हणजे एकूण ऊर्जेचा M0 च्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह. तो शून्य ठेवायचा. कार्लो आल्बेर्तो कास्टिग्लियानो यांनी हे प्रमेय १८७३ साली तुरिनमधल्या आपल्या प्रबंधात मांडलं, आणि रिंग हे त्याचं आजही सर्वात सुटसुटीत उदाहरण आहे.

E आणि I सगळीकडे सारखे असतील, तर ही अट एका साध्या विधानावर येते: पाव रिंगवर M(θ) चा इंटिग्रल शून्य.

```
M0·(π/2) − (P R / 2)(π/2 − 1) = 0
M0 = (P R / 2)(1 − 2/π) = 0.182 P R
M(θ) = (P R / 2)(cos θ − 2/π)
```

शेवटची ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. भाराखाली M = −PR/π, म्हणजे ०.३१८ PR इतका सपाट करणारा मोमेंट. बाजूला ०.१८२ PR इतका वक्रता वाढवणारा. मध्ये कुठेतरी शून्य येणारच, तो येतो cos θ = 2/π जिथे, म्हणजे θ = ५०.५° ला. भाराच्या रेषेपासून मोजलं तर साधारण ३९.५°.

यातून व्यासातला बदल कसा निघतो?

फक्त बेंडिंगची ऊर्जा धरायची, चार पाव एकत्र करायचे आणि P च्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह घ्यायचा.

```
U  = 4 ∫ M² R dθ / (2 E I)          (0 → π/2)
δv = ∂U/∂P = (P R³ / E I) ∫ (cos θ − 2/π)² dθ
   = (P R³ / E I) [ π/4 − 4/π + 2/π ]
```

कंसातल्या तीन पदांपैकी पहिलं cos² θ चं, दुसरं मधल्या गुणाकाराचं, तिसरं स्थिरांकाच्या वर्गाचं. बेरीज ०.१४८८. उत्तर इतकं लहान का, ते इथेच दिसतं: cos θ मधून त्याची सरासरी 2/π वजा झालेली आहे. M0 मोमेंटची सरासरी शून्यावर आणून ठेवतो आणि वर्गाचा इंटिग्रल जितका कमी होऊ शकतो तितका कमी करतो. किमान ऊर्जेचं तत्त्व म्हणतात ते हेच.

डेरिव्हेटिव्ह घेण्याआधी M0 ची किंमत घालायची की नंतर? दोन्हींनी वेगळं उत्तर येईल का?

नाही येणार. M0 हा P वर अवलंबून आहे, म्हणून साखळी नियमाने एक जादा पद येतं: ∂U/∂M0 गुणिले dM0/dP. पण ∂U/∂M0 शून्य आहे, त्याच अटीवर तर M0 काढला. जादा पद आपोआप गळतं. तुमची दोन उत्तरं वेगळी येत असतील तर चूक इंटिग्रलमध्ये शोधा. M0 च्या किमतीतच चूक असेल तरीही दोन मार्ग जुळत नाहीत, त्यामुळे हा तपास फुकटात मिळतो. परीक्षेत दोन मिनिटं उरली असतील तर हाच करावा.

∂U/∂P म्हणजे एका टोकाचं सरकणं की पूर्ण व्यासाचं?

पूर्ण व्यासाचं. वर P आहे आणि खालीही P आहे. ऊर्जेत P हे एकच अक्षर दोन्ही बलांसाठी वापरलं, म्हणून डेरिव्हेटिव्हमधून दोन्ही टोकांच्या सरकण्याची बेरीज येते. खालचं टोक टेबलावर टेकलेलं असलं तरी तेच: तिथली प्रतिक्रिया P आहे आणि वरचं टोक पूर्ण δv ने खाली येतं. काही जण चारऐवजी दोन पावांची ऊर्जा घेतात आणि P चा डेरिव्हेटिव्ह काढतात. त्यांना ०.०७४ मिळतं. मध्यापासून एका टोकाचं अंतर किती घटलं याचं ते बरोबर उत्तर आहे, पण डायल गेज व्यासावर लावलेला असेल तर त्याच्याशी जुळणार नाही.

आडवा व्यास किती वाढतो? तिथे तर बलच नाही.

रूढ मार्ग असा: आडव्या व्यासावर Q ही खोटी बलाची जोडी लावा, डेरिव्हेटिव्ह घ्या, मग Q शून्य करा. पण Q मुळे येणारा मोमेंट नव्याने काढायची गरज नाही. रिंग ९०° फिरवली की P ची जागा Q घेतो, म्हणजे cos च्या जागी sin. आतल्या दिशेच्या Q साठी मोमेंट (QR/2)(sin θ − 2/π). मग:

```
∂U/∂Q = (P R³ / E I) ∫ (cos θ − 2/π)(sin θ − 2/π) dθ
      = (P R³ / E I) (1/2 − 2/π) = −0.137 P R³ / (E I)
```

Q आत दाबणारा मानला होता, उत्तर ऋण आलं, म्हणजे व्यास वाढतो.

उभा जितका घटतो तितकाच आडवा वाढत नाही, गुणोत्तर ०.९१८ येतं. रिंग शुद्ध लंबगोल झाली असती तर दोन्ही सारखे आले असते. विकृत आकार फूरियर मालिकेत मांडला तर लंबगोलाचं पद उभ्या दबण्यातला सुमारे ९५ टक्के वाटा उचलतं. उरलेला वाटा बारीक लहरींच्या पदांचा. पहिली चार-लाटांची लहर भाराखालचं दबणं थोडं वाढवते आणि बाजूचं फुगणं थोडं कमी करते. बिंदूभाराखाली रिंग जास्त सपाट दिसते ती यामुळे.

प्रत्यक्ष आकडे घालून एक उदाहरण मिळेल का?

पोलादी रिंग घेऊ. मध्यरेषेची त्रिज्या १०० मिमी, जाडी ८ मिमी, रुंदी २५ मिमी, E = २०० गिगापास्कल. भार १००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतका.

```
I  = 25 × 8³ / 12 = 1066.7 mm⁴
P R³ / (E I) = 1000 × 100³ / (200000 × 1066.7) = 4.69 mm
δv = 0.1488 × 4.69 = 0.697 mm
δh = 0.1366 × 4.69 = 0.640 mm
```

ताणही लगेच पाहून घ्यावा. भाराखालचा मोमेंट PR/π = ३१,८०० न्यूटन-मिमी, छेदाचा मॉड्युलस bt²/6 = २६६.७ घन मिमी. बेंडिंगचा ताण ११९ मेगापास्कल. बाजूला ६८ मेगापास्कल, शिवाय अक्षीय दाबाचे फक्त अडीच. सरळ बीमचं सूत्र वापरलंय, वक्रतेमुळे आतल्या पृष्ठभागावरचा बेंडिंगचा ताण जवळपास ३ टक्क्यांनी जास्त असतो. जाडीच्या साडेबारा पट त्रिज्या असल्यामुळे एवढ्यावर भागलं. रिंग जाडजूड असती तर ही दुरुस्ती सोडून चाललं नसतं.

मोजायचं साधन म्हणून ही रिंग वाईट नाही. ०.०१ मिमीच्या डायल गेजवर हजार न्यूटनला जवळपास सत्तर भाग मिळतात. प्रूव्हिंग रिंग याच तत्त्वावर चालते. व्हिटेमोर आणि पेट्रेन्को यांनी ती १९२७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार केली. चाचणी यंत्रं दाखवतात तेवढंच बल खरोखर लागतंय का, हे तपासायला.

अक्षीय बल आणि शिअर सोडून दिले ते चालतं का?

याच रिंगवर बघू. θ जवळ अक्षीय दाब (P/2) cos θ आणि शिअर (P/2) sin θ. A छेदाचं क्षेत्रफळ आणि G शिअर मॉड्युलस धरला, तर त्यांच्या ऊर्जेतून येणारे वाटे:

```
δN = π P R / (4 A E)        = 0.002 mm
δV = 1.2 × π P R / (4 A G)  = 0.006 mm   (G = 77 GPa)
```

बेंडिंगचे ०.६९७ मिमी होते. दोन्ही मिळून एक टक्क्याच्या आसपास. वक्र बारच्या ऊर्जेत मोमेंट आणि अक्षीय बल यांच्या गुणाकाराचं आणखी एक पद असतं, ते अक्षीय वाट्यातला थोडा भाग परत घेतं. बेंडिंगचा वाटा R³/t³ ने वाढतो आणि हे सगळे R/t ने, म्हणून त्यांचं प्रमाण (t/R)² च्या हिशोबाने बदलतं. R/t दहाच्या वर असेल तर निर्धास्त सोडा. पाचाच्या आसपास आलात की सोडू नका.

माझं उत्तर जवळपास २.४ पट येतंय. कुठे चुकलो?

M0 सुटला. ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे आणि तिचा ठसा ठरलेला आहे. M0 शून्य ठेवला तर मोमेंट नुसता (PR/2)(1 − cos θ) राहतो आणि गुणांक येतो 3π/4 − 2 = ०.३५६. हे उत्तर खोटं नाही, वेगळ्या वस्तूचं आहे: बाजूच्या दोन्ही टोकांना बिजागऱ्या असलेल्या रिंगचं. अखंड रिंगमध्ये बाजूचा छेद फिरू शकत नाही, म्हणून ती त्याच्या २.४ पट ताठ असते.

इतर चुकाही गुणोत्तरावरून ओळखू येतात. नेमकं अर्धं आलं तर वरचा एका टोकाचा घोटाळा. दुप्पट आलं तर ऊर्जेतला २ भागायचा राहिला. आठपट आलं तर R च्या जागी व्यास गेला.

प्रत्यक्ष रिंग मोजली, सूत्राशी जुळत नाही. सूत्र चुकीचं आहे का?

बहुधा मापं चुकीची आहेत. उत्तर जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आहे. ८ मिमी म्हणून घेतलेली जाडी प्रत्यक्षात ७.८ असेल, तर रिंग ८ टक्के जास्त दबेल. त्यामुळे जाडी मायक्रोमीटरने मोजा, तीही घेरावर अनेक ठिकाणी. त्रिज्येचंही तसंच: मध्यरेषेच्या १०० ऐवजी बाहेरची १०४ घातली की उत्तर साडेबारा टक्के फुगतं. कॅलिपर बाहेरच्या व्यासावर सहज बसतो, म्हणून ही चूक फार होते.

रिंग उलट जास्त ताठ निघाली तर भार कुठे लागतो ते बघा. प्रूव्हिंग रिंगला वर-खाली बॉस, म्हणजे भार टेकायचे जाड उंचवटे असतात. जिथे मोमेंट सर्वात मोठा, नेमका तिथलाच भाग वाकायचा थांबतो. सूत्रात बिंदूभार आणि सगळीकडे सारखा I गृहीत आहे, या रिंगमध्ये दोन्ही नाहीत. अशा रिंगचा आकडा कॅलिब्रेशननेच ठरवायचा, सूत्र फक्त रचनेच्या पहिल्या अंदाजापुरतं.

रुंदीचाही प्रश्न असतो. पाइपचा लांब तुकडा दाबत असाल, म्हणजे रुंदी जाडीच्या कितीतरी पट असेल आणि भार पूर्ण लांबीवर पसरलेला असेल, तर बाजूचं आकुंचन-प्रसरण रोखलं जातं. तिथे E च्या जागी E/(1 − ν²) घ्यायचा. ν म्हणजे पॉयसन गुणोत्तर, पोलादासाठी ते ०.३ धरलं की दबणं सुमारे ९ टक्क्यांनी कमी येतं. वरच्या उदाहरणात रुंदी जाडीच्या तिप्पट आहे. तिथे मी साधा E ठेवला, आणि मला तो योग्य वाटतो.

रिंग दाबण्याऐवजी ओढली तर?

सूत्राप्रमाणे फक्त चिन्हं उलटतात. प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, कारण सूत्र मूळ वर्तुळाच्या मापांवर बेतलेलं आहे. दाबताना बाजू बाहेर सरकते, P/2 ची भुजा वाढते, म्हणून रिंग जरा मऊ होत जाते. ओढताना बाजू आत येते, भुजा घटते आणि रिंग ताठ होत जाते. व्यासाच्या ०.३५ टक्के दबणाऱ्या आपल्या रिंगमध्ये हे सहसा डोळ्यात भरत नाही. पण एक टक्का अचूकता हवी असेल, किंवा दबणं व्यासाच्या काही टक्क्यांवर गेलं, तर दाबासाठी आणि ताणासाठी वेगळं कॅलिब्रेशन करावंच लागतं. भार आणि दबणं यांच्यात सरळ रेषेऐवजी वर्गाचं पदही धरावं लागतं.

डायल गेजऐवजी स्ट्रेन गेज लावायचे असतील तर कुठे?

मोमेंट भाराखाली सर्वात मोठा आहे, म्हणून हात तिकडे जातो. पण तिथे बॉस असतात, स्पर्शाचा स्थानिक ताण असतो, आणि वाचन भार नेमका कुठे टेकला यावर हलतं. बाजूला, θ = 0 जवळ लावा. तिथे cos θ चा आलेख सपाट असतो. गेज तीन अंश वर-खाली चिकटला तरी मोमेंटमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो. आपल्या रिंगमध्ये तिथे बेंडिंगचा स्ट्रेन सुमारे ३४० मायक्रोस्ट्रेन आहे, बाहेरच्या पृष्ठभागावर ताण आणि आत दाब. आत आणि बाहेर एकेक गेज लावून ब्रिजमध्ये दोन्हींचा फरक घेतला की अक्षीय दाबाचा १२-१३ मायक्रोस्ट्रेनचा वाटा निघून जातो आणि बेंडिंगचं वाचन दुप्पट मिळतं.

५०.५° च्या आसपास मात्र गेज चुकूनही लावू नका. तिथे बेंडिंग शून्य आहे आणि दर अंशाला झपाट्याने बदलतो. रिंग कितीही दाबली तरी तिथलं वाचन मुख्यतः गेज किती वाकडा चिकटलाय हेच सांगेल.